जीएसटीवरचा पत्ता नक्की कुठला? मुख्य ठिकाण आणि अतिरिक्त ठिकाण वेगळं कसं ओळखायचं

उधारीवर माल द्यायचा असतो, समोरची पार्टी नवी असते. जीएसटी नंबर मिळतो, पोर्टलवर टाकला की पत्ता दिसतो आणि तो पार्टी मास्टरमध्ये भरून फाइल बंद होते. चूक इथेच होते. पोर्टलवर सर्वात आधी दिसतो तो व्यापाऱ्याने सरकारदरबारी ‘मुख्य’ म्हणून लिहून दिलेला पत्ता. माल तिथे असेल असं नाही, मालक तिथे बसत असेल असंही नाही. मुंबईत तर बरेचदा दुकान लोहार चाळीत, गोडाऊन भिवंडीत आणि नोंदणी मुलुंड किंवा बोरिवलीच्या राहत्या घराच्या पत्त्यावर, अशी वाटणी सापडते. तिन्ही पत्ते खरे असू शकतात. कुठला पत्ता कशासाठी धरायचा, एवढाच प्रश्न असतो.

‘मुख्य’ ठरतं ते कागदावर

केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 2(89) मध्ये मुख्य व्यवसायस्थळाची व्याख्या एका वाक्याची आहे: नोंदणी प्रमाणपत्रात जे ठिकाण मुख्य म्हणून लिहिलंय, ते मुख्य. किती चौरस फूट जागा, किती माणसं, किती उलाढाल, यातलं काहीही तिथे मोजलेलं नाही. त्यामुळे दहा हजार फुटांचं गोडाऊन अतिरिक्त आणि दोन खोल्यांचं घर मुख्य, ही नोंद दिसायला विचित्र असली तरी तेवढ्यावरून तिला खोटी म्हणता येत नाही.

नुसत्या ‘व्यवसायाच्या ठिकाणा’ची व्याख्या, म्हणजे कलम 2(85), मात्र बरीच रुंद आहे. जिथून रोजचा धंदा चालतो ती जागा, माल साठवण्याचं गोडाऊन, माल किंवा सेवा देण्याघेण्याची जागा, हिशेबाच्या वह्या ठेवण्याची जागा आणि एजंटामार्फत धंदा होतो ती जागा, हे सगळं त्यात येतं. यातली एक जागा मुख्य म्हणून लिहायची आणि त्याच राज्यातल्या बाकीच्या अतिरिक्त म्हणून. बाजारात यांना प्रिन्सिपल प्लेस आणि ॲडिशनल प्लेस म्हणतात. ऑनलाइन विक्री करणारे पीपीओबी आणि एपीओबी म्हणतात.

‘त्याच राज्यातल्या’ हे शब्द विसरायचे नाहीत. नोंदणी राज्यानुसार होते. 27 ने सुरू होणाऱ्या नंबरात फक्त महाराष्ट्रातली ठिकाणं येतात. पार्टी म्हणाली, ‘आमचं सुरतचं गोडाऊन याच नंबरात आहे,’ तर ते शक्य नाही. गुजरातचा नंबर 24 ने सुरू होणार आणि त्याचं स्वतःचं मुख्य ठिकाण वेगळं असणार. उलट बाजूने, हेड ऑफिस दिल्लीला असलेल्या कंपनीचं अंधेरीतलं छोटं ऑफिस महाराष्ट्राच्या नोंदणीत मुख्य ठिकाण म्हणून दिसेल. तेवढ्यावरून कंपनीचा कारभार अंधेरीतून चालतो असं समजू नका.

पहिली पायरी: पोर्टलवर काय वाचायचं

`services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये `Search by GSTIN/UIN` उघडा. लॉगिन लागत नाही, फक्त कॅप्चा भरावा लागतो. पत्त्याआधी `GSTIN / UIN Status` पाहा. तिथे `Active` नसेल, `Suspended` किंवा `Cancelled` असेल, तर पत्ता तपासण्यात वेळ घालवण्याआधी तो खुलासा मागा. याचा ठिकाणाशी थेट संबंध असू शकतो. जाहीर केलेल्या जागेवरून धंदा होत नसेल तर नोंदणी रद्द होऊ शकते, असं नियम 21(a) सांगतो.

मग `Principal Place of Business` चा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. गाळा नंबर, मजला, इमारत, रस्ता, पिन. सॉफ्टवेअर आपोआप भरून देतं त्यावर विसंबू नका. बऱ्याच प्रोग्राममध्ये नंबर टाकला की फक्त मुख्य पत्ता येतो आणि तोच बिलावर, डिलिव्हरी चलनावर, वसुलीच्या यादीत सगळीकडे चिकटतो.

त्याखाली `Nature of Business Activities` असतं. इथे `Retail Business`, `Wholesale Business`, `Warehouse / Depot`, `Office / Sale Office` असे शब्द दिसतात. `Warehouse / Depot` लिहिलंय आणि मुख्य पत्ता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, तर गोडाऊन दुसरीकडे कुठेतरी असणार हे ओळखायचं. ते नोंदवलेलं आहे का, हे पुढच्या पायरीला कळतं.

पोर्टल सोडण्याआधी `Search by PAN` सुद्धा करा. जीएसटी नंबराच्या पंधरा अक्षरांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन. ती टाकली की त्या पॅनवरचे सगळे नंबर दिसतात. तेरावं अक्षर त्या राज्यातली कितवी नोंदणी हे सांगतं. एकाच राज्यातल्या दोन जागांसाठी दोन वेगळ्या नोंदण्या घेता येतात. त्यामुळे ज्या भिवंडीच्या गोडाऊनला तुम्ही अतिरिक्त ठिकाण समजताय, ते दुसऱ्या नंबराचं मुख्य ठिकाण असू शकतं. तसं असेल तर बिल त्या दुसऱ्या नंबरावर करायचं का, हे पार्टीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: प्रमाणपत्र मागा, आणि सगळी पानं मागा

नोंदणी प्रमाणपत्राचा फॉर्म `GST REG-06`. पार्टीकडून बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर पहिल्याच पानाचा फोटो येतो. पहिल्या पानावर फक्त मुख्य पत्ता असतो. अतिरिक्त ठिकाणं `Annexure A` वर असतात आणि मालक, भागीदार किंवा संचालक `Annexure B` वर. तुम्हाला हवंय ते `Annexure A`. त्यात वरच राज्यातल्या अतिरिक्त ठिकाणांची एकूण संख्या लिहिलेली असते आणि खाली अनुक्रमांकासह पत्ते. संख्या 4 आणि तुमच्या हातात दोनच पत्ते, तर एक पान तुमच्यापर्यंत आलेलं नाही. संख्या 0 आणि लेटरहेडवर ‘ऑफिस आणि गोडाऊन’ असे दोन पत्ते, तर एक पत्ता नोंदणीबाहेरचा आहे.

फोटो नको, पीडीएफ मागा, आणि ती आजची डाउनलोड केलेली हवी. पार्टीच्या लॉगिनमध्ये `Services`, `User Services`, `View/Download Certificates` या वाटेने ती दोन मिनिटांत निघते. जुनी पीडीएफ का चालत नाही, याचं कारण दुरुस्तीच्या मुदतींत आहे. जागा बदलली की पंधरा दिवसांच्या आत `REG-14` मध्ये दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. मुख्य किंवा अतिरिक्त ठिकाणाची दुरुस्ती अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नाही आणि त्याला पंधरा कामाचे दिवस असतात. म्हणजे सगळं वेळेत झालं तरी साधारण महिनाभर प्रत्यक्ष जागा आणि नोंदणीतली जागा यांत फरक राहू शकतो. दुरुस्ती मंजूर झाल्यावर प्रमाणपत्र नव्याने निघतं. दोन वर्षांपूर्वीच्या पीडीएफमध्ये यातलं काहीच नसतं.

तिसरी पायरी: अतिरिक्त ठिकाण कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

`Annexure A` वर पत्ता सापडला म्हणून तिथे पार्टीची माणसं भेटतील असं गृहीत धरू नका. मुंबईच्या व्यापारात अतिरिक्त ठिकाण तीन फार वेगळ्या प्रकारांचं असतं.

पहिलं, स्वतःचं किंवा भाड्याचं गोडाऊन अथवा दुसरं दुकान. पार्टीचं कुलूप, पार्टीचा माणूस, पार्टीचा माल. इथे भेट दिली तर काहीतरी हाती लागतं.

दुसरं, ट्रान्सपोर्टरचं गोडाऊन. काळबादेवी, मंगळदास मार्केटच्या कापडवाल्यांकडे माल ठेवायला जागा नसते. माल ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनला उतरतो आणि गरजेप्रमाणे उचलला जातो. सप्टेंबर 2018 च्या परिपत्रक क्रमांक 61 ने याची सोय केली: माल घेणाऱ्याने ट्रान्सपोर्टरचं गोडाऊन आपलं अतिरिक्त ठिकाण म्हणून नोंदवलं, की माल तिथे पोहोचल्यावर त्या ई-वे बिलाखालची वाहतूक पूर्ण झाली असं धरतात. नोंद पूर्ण कायदेशीर आहे, पण गेटवर पाटी ट्रान्सपोर्टरची असते आणि वॉचमनला तुमच्या पार्टीचं नाव ठाऊक नसलं तर नवल नाही.

तिसरं, ऑनलाइन कंपनीचं गोदाम. भिवंडीच्या एकाच मोठ्या शेडच्या पत्त्यावर असंख्य विक्रेत्यांचं अतिरिक्त ठिकाण असतं, कारण त्यांचा माल तिथल्या रॅकवर ठेवलेला असतो. त्या पत्त्यावर चौकशीला जाण्यात अर्थ नाही. तिथे विक्रेता बसत नाही आणि गेटच्या आत तुम्हाला सोडणारही नाहीत.

ओळखायची खूण सोपी आहे. पत्त्यात गाळा नंबर आहे की नुसतं ‘वेअरहाउस’ आणि सर्व्हे नंबर, हे पाहा. मग जागेचा कागद मागा. पार्टीच्या नावाचं लिव्ह अँड लायसन्स किंवा लाइट बिल आलं तर पहिला प्रकार. ट्रान्सपोर्टरचं संमतिपत्र आलं तर दुसरा. ऑनलाइन कंपनीचं पत्र आलं तर तिसरा.

एक प्रकरण सुरुवातीपासून

समजा तुम्ही इलेक्ट्रिक केबल पुरवता. नव्या पार्टीची ऑर्डर आली आहे: 6,40,000 रुपयांचा माल, 18 टक्के जीएसटी धरून 7,55,200 रुपये, पंचेचाळीस दिवसांची उधारी. ऑर्डरच्या लेटरहेडवर पत्ता आहे राहनाळ, भिवंडी, इमारत डी, गाळा 16. माल तिथेच उतरवायचा आहे.

पोर्टल सांगतं: नोंदणी चालू, स्वरूप प्रोप्रायटरशिप, मुख्य ठिकाण मुलुंड पश्चिम, पिन 400080, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. व्यवसायाच्या स्वरूपात घाऊक, किरकोळ आणि `Warehouse / Depot`. बरेच लोक इथेच बिचकतात, ‘घरचा पत्ता दिलाय, म्हणजे पार्टी खोटी.’ तसं नसतं. घराचं लाइट बिल हाताशी असतं, जागा हातची जाणार नसते आणि दुकानाचा मालक कागद द्यायला तयार नसतो, म्हणून कितीतरी सचोटीचे व्यापारी घरच मुख्य म्हणून लिहितात.

प्रमाणपत्र मागवलं. `Annexure A` वर एकूण संख्या 2. एक, लोहार चाळीतलं दुकान, पिन 400002. दोन, राहनाळ, भिवंडी, पिन 421302, इमारत बी, गाळा 6.

लेटरहेड म्हणतं डी-16, प्रमाणपत्र म्हणतं बी-6. हा फरक नेमका पकडला पाहिजे. गाव तेच, कंपाउंड तेच, पिन तोच. घाईत वाचणारा ‘हो, भिवंडीचं गोडाऊन आहे नोंदणीत’ म्हणून पुढे जातो. फोन करून थेट विचारा: ‘बी-6 आणि डी-16 दोन्ही तुमच्याकडे आहेत का?’ उत्तर तीनपैकी एक येतं.

‘दोन्ही आहेत’ असं म्हणाले, तर डी-16 ची नोंद का नाही हे विचारा आणि तूर्त माल बी-6 ला पाठवायची तयारी दाखवा. दोन्ही गाळे खरोखर ताब्यात असतील तर पार्टी बी-6 ला नाही म्हणणार नाही.

‘आम्ही बी सोडून डी मध्ये आलो’ असं म्हणाले, तर डी-16 च्या लिव्ह अँड लायसन्सची प्रत आणि `REG-14` च्या अर्जाचा एआरएन, म्हणजे पोर्टलने दिलेला अर्ज क्रमांक, मागा. करार सुरू झाल्याची तारीख आणि अर्जाची तारीख समोरासमोर ठेवा. पंधरा दिवसांच्या आत अर्ज झाला असेल तर व्यापारी शिस्तीचा आहे. मंजुरी येईपर्यंत आठ-पंधरा दिवस थांबा आणि नवं `Annexure A` आलं की माल सोडा. करार सहा महिन्यांपूर्वीचा आणि अर्जच नाही, असं निघालं तर आधी अर्ज, मग माल. हे ताणून धरायलाच हवं, कारण नोंद नसलेल्या गोडाऊनवर तपासणी आली की तिथला माल अडकतो, आणि त्यात तुमचा अजून पैसे न आलेला माल असतो.

‘डी-16 आमच्या भावाच्या फर्मचं आहे’ असं म्हणाले, तर प्रकरणच वेगळं झालं. माल एकाच्या नावावर आणि ताब्यात दुसऱ्याच्या. ती फर्म, तिचा नंबर, तिचं प्रमाणपत्र, सगळं नव्याने तपासा.

ई-वे बिलात पत्ता घसरतो तो असा

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं, त्यामुळे या प्रकरणात ते हवंच. पार्टीचा नंबर टाकला की फॉर्ममध्ये नोंदणीचा, म्हणजे मुलुंडचा पत्ता येतो. `Bill To` ला तो राहू द्या. `Ship To` मध्ये मात्र भिवंडीचा पत्ता आणि 421302 हा पिन हाताने भरावा लागतो. हे राहून गेलं तर टेम्पो निघालेला असतो राहनाळला आणि कागद म्हणतो मुलुंड पश्चिम.

सप्टेंबर 2018 च्या परिपत्रक क्रमांक 64 ने किरकोळ चुकांना सूट दिली आहे. भाग आणि बाकी तपशील बरोबर असून पत्त्यात थोडी चूक असेल, तर गाडी अडवण्याऐवजी केंद्र आणि राज्य मिळून हजार रुपयांच्या दंडावर भागतं. गाळा 6 ऐवजी 16 टाइप झालं, तर ही सूट मागता येते. भिवंडीऐवजी मुलुंड ही मात्र त्या सवलतीत बसणारी चूक नाही. आणि नोंदच नसलेल्या गाळ्यावर माल नेणं ही टायपिंगची चूक नव्हेच.

चौथी पायरी: जागेवर जाऊन

नियम 18 प्रमाणे प्रमाणपत्र मुख्य आणि प्रत्येक अतिरिक्त ठिकाणी दिसेल असं लावायचं असतं आणि प्रवेशाच्या पाटीवर जीएसटी नंबर लिहायचा असतो. गोडाऊनला गेलात की आधी पाटीवरचा नंबर तुमच्याकडच्या नंबराशी ताडून पाहा. अक्षरं एकेक करून, विशेषतः तेरावं. मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राचं दुसरं पान पाहा. फक्त पहिलं पान लावलेलं असतं तेव्हा त्यावर मुलुंडचाच पत्ता असतो, आणि तुम्ही उभे आहात ती जागा नोंदणीत आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

गोडाऊनच्या वहीचीही चौकशी करा. कलम 35 सांगतं की हिशेब मुख्य ठिकाणी ठेवायचे, पण प्रमाणपत्रात एकापेक्षा जास्त ठिकाणं असतील तर प्रत्येक ठिकाणाचे हिशेब त्या त्या ठिकाणी हवेत. संगणकावर असले तरी चालतं. ‘आवक-जावक कुठे लिहिता?’ असं गोडाऊनच्या माणसाला सहज विचारा. रजिस्टर किंवा स्क्रीन दाखवली तर ठिकाण चालतं आहे. ‘ते सगळं शेठच्या घरी’ असं उत्तर आलं, तर लगेच घोटाळा समजू नका, पण शेजारच्या गाळेवाल्याला आणि हमालांना दोन प्रश्न जास्त विचारा.

मुंबई शहरात आणखी एक अडचण येते. इमारत पुनर्विकासाला गेलेली असते. पोर्टलवर जुन्या चाळीचं नाव, आणि तिथे पत्र्याचं कुंपण. व्यापारी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या गाळ्यात धंदा करत असतो आणि मुख्य पत्ता बदलायचा राहिलेला असतो. जागा न सापडल्याचा शेरा मारण्याआधी आजूबाजूला विचारा, सापडला तर नव्या जागेचा कागद आणि अर्जाचा एआरएन मागा.

नोंद कशी लिहायची

फाइलमध्ये ‘पत्ता तपासला, बरोबर’ असं लिहिणं निरुपयोगी आहे, कारण कुठला पत्ता हे त्यातून कळत नाही. वरच्या प्रकरणाची नोंद अशी व्हायला हवी:

मुख्य ठिकाण: मुलुंड पश्चिम, राहतं घर. पोर्टल आणि प्रमाणपत्र जुळतात. भेट दिली नाही.

अतिरिक्त ठिकाण 1: लोहार चाळ, दुकान. भेट दिली, पाटी आणि नंबर जुळले.

अतिरिक्त ठिकाण 2: राहनाळ, बी-6. गाळा बंद, सोडल्याचं पार्टीने सांगितलं.

नोंदणीबाहेरचं ठिकाण: राहनाळ, डी-16. माल आणि माणसं प्रत्यक्ष पाहिली, करार पाहिला, दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित.

प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कशावरून लिहिलं ते. बिल आणि नोटीस मुलुंडला जाईल. वसुलीचा माणूस लोहार चाळीत जाईल, कारण व्यापारी सकाळी अकरा ते सात तिथे बसतो. डी-16 मंजूर झालं की चौथी ओळ खोडून ती अतिरिक्त ठिकाणांत घ्यायची आणि नव्या `Annexure A` ची पीडीएफ त्याच दिवशी फाइलला लावायची.